साडेचारशेचे साडेपाचशे : बोललेली किंमत दुरुस्त करण्याच्या नोंदी

नोंद १ : चूक कुठवर गेली आहे

गच्चीवरच्या बागेचा ११ मिनिटं ४२ सेकंदांचा व्हिडिओ. ४:१७ ला गांडूळखताबद्दल वाक्य येतं, "पंचवीस किलोची गोणी साडेचारशेला मिळाली." पावतीवर किंमत ५५० आहे. व्हिडिओ अजून चढवलेला नाही. प्रोजेक्ट शाबूत आहे आणि बोलणं, संगीत, चित्र वेगवेगळ्या ट्रॅकवर आहे. चढवून झाला असता, तर यूट्यूबवर त्याच पत्त्यावर नवी फाइल बसवता येत नाही. तिथे फार तर ते वाक्य कापून टाकता येतं, नाहीतर खाली वर्णनात दुरुस्ती लिहायची.

आवाजाला हात लावण्याआधी हिशोब पुन्हा मांडला, कारण किंमत एकटी कधी चुकत नाही. या व्हिडिओत दहा ग्रो बॅगांचा खर्च आहे : गोण्या दोन, कोकोपीटचे ब्लॉक ५६० चे, निंबोळी पेंड २०० ची, बॅगा ६८० च्या. गोणी ४५० ची धरली तर बेरीज २,३४० आणि एका बॅगेमागे २३४. गोणी ५५० ची धरली तर २,५४० आणि २५४. म्हणजे बोलण्यात चूक एक नाही, तीन ठिकाणी आहे : ४:१७ ला "साडेचारशेला", १०:४८ ला "दोन हजार तीनशे चाळीस" आणि १०:५५ ला "दोनशे चौतीस". पहिली दुरुस्त करून बाकीच्या दोन राहिल्या, तर बघणारा बेरीज करतो आणि मग कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

सबटायटलच्या फाइलमध्ये शोध घेतला. आकडे अक्षरी, देवनागरी आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत असू शकतात, म्हणून तिन्ही एकदम :

```
grep -nE "450|४५०|साडेचार|900|९००|नऊशे|2,?340|२,?३४०|234|२३४|तीनशे चाळीस|चौतीस" subs_mr.srt
```

यात `00:06:02,900` अशा वेळेच्या ओळीही सापडतात. त्या सोडून द्यायच्या. "सगळे बदला" हे बटण मात्र इथे अजिबात दाबायचं नाही, नाहीतर वेळाही बदलतात आणि सबटायटल भलतीकडे सरकतात.

नोंद २ : त्याच रेकॉर्डिंगमधला "पाच"

पहिला विचार नवीन रेकॉर्डिंगचा येतो. पण त्याआधी जुन्या रेकॉर्डिंगमध्येच हवा तो शब्द आहे का ते पाहावं. तोच माइक, तोच दिवस, तोच घसा, तीच हवा. एवढी जुळणी नंतर कितीही खटपट केली तरी मिळत नाही. ७:३१ ला "एका बॅगेत पाचशे ग्रॅम निंबोळी पेंड" असं वाक्य सापडलं. त्यातला "पाच" उचलायचा ठरला.

अख्खं "साडेपाचशेला" कुठेच नाही, म्हणून शब्द आतून जोडावा लागला : मूळचं "साडे", उसना "पाच", मूळचं "शेला". कापायची जागा कुठली, यावरच सगळं ठरतं. स्वराच्या मधोमध कापलं तर आवाजाची पट्टी एकदम उडी मारते आणि ती लगेच कानाला कळते. मराठीत मात्र दोन सोयीच्या जागा मिळतात. "च" आणि "प" उच्चारण्याआधी तोंडातली हवा क्षणभर पूर्ण अडते. स्पेक्ट्रोग्रॅममध्ये तिथे काही मिलिसेकंदांची जवळजवळ रिकामी उभी फट दिसते, तिच्यात फक्त गच्चीवरचा मागचा आवाज असतो. "साडे"नंतरच्या अशा फटीत पहिला काप घेतला. दुसरी जागा "श"ची. तो नुसता फुत्कार आहे, त्याला पट्टी नसते. "पाचशे" बोलताना "च" आणि "श" एकमेकांत मिसळतात, त्यामुळे त्यांच्यामध्ये कापायला जागा नाही. म्हणून उसन्या शब्दाचा "श" अर्धा घेतला आणि त्याला मूळच्या "श"चा उरलेला अर्धा जोडला.

क्रॉसफेड पहिल्या जागी १० मिलिसेकंद, "श"मध्ये १८. दोन्हीकडे इक्वल पॉवर ठेवला. नेहमीचा सरळ रेषेतला फेड दोन वेगवेगळ्या फुत्कारांमध्ये मधोमध साधारण ३ डेसिबलचा खड्डा पाडतो आणि "श" तुटल्यासारखा वाटतो. हे काम फ्रेमच्या मापाने होत नाही. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आपली फट एका फ्रेममध्येच हरवून जाते. व्हिडिओ ज्यात जोडला त्या रिझॉल्व्हमध्ये आवाजासाठी फेअरलाइट हे वेगळं पान आहे, तिथे त्याहून बारीक सरकवता येतं.

पहिल्या ऐकण्यात दोन दोष निघाले. ७:३१ ला "पाचशे"वर जोर आहे, त्यामुळे तो शब्द २ डेसिबल मोठा आणि पट्टीलाही वर. आवाज हाताने उतरवला. नॉर्मलाइझ वापरलं नाही, कारण ते शब्दाचं फक्त टोक मोजतं. "प"चा फटका मोठा असेल तर त्यामागचा स्वर दबून जातो. पट्टी दीड सेमीटोन खाली आणली. दोनच्या पुढे गेलं की माणूसच बदलल्यासारखा वाटतो. तेवढा फरक लागत असेल तर हा मार्ग सोडून नवीन रेकॉर्डिंग करावं.

हे सगळं नॉइज रिडक्शन, ईक्यू आणि कॉम्प्रेसर लागण्याच्या आधीच्या कच्च्या आवाजावर केलं. ठिगळ त्याच ट्रॅकवर असलं की पुढची सगळी प्रक्रिया त्याच्यावरही तशीच होते.

१०:४८ चं "दोन हजार तीनशे चाळीस" याच पद्धतीने निघालं. "तीन"मधल्या "त"आधीही तशीच फट आहे आणि शेवटी पुन्हा "शे" आहे. इथे पट्टी जवळजवळ जुळत होती, फक्त आवाज १ डेसिबल उतरवावा लागला.

नोंद ३ : लांबी बिघडली

ठिगळाचा पहिला प्रयोग ऑडॅसिटीत केला होता, तिथे एक गोष्ट नडली. काढलेला "चार" २६० मिलिसेकंदांचा होता, आणि आधीच्या फटीसकट "पाच" ३१०. पेस्ट करताच पुढचा सगळा आवाज ५० मिलिसेकंद मागे गेला. म्हणजे एका फ्रेमहून जास्त. एका ठिगळाने ते कळत नाही, पण तीन ठिगळांची बेरीज झाली की शेवटाला ओठ आणि शब्द वेगळे चालताना दिसतात. उपाय सोपा आहे. वाढलेले ५० मिलिसेकंद "मिळाली"नंतरच्या थांब्यातून काढायचे, म्हणजे पुढचं वाक्य मूळ जागेवरच सुरू होतं. खात्रीसाठी दोन्ही फाइलींची लांबी पाहिली :

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 jun.wav
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 navin.wav
```

दोन्ही आकडे दशांशापर्यंत सारखेच यायला हवेत. पण लांबी सारखी आली म्हणजे जागाही बरोबर, असं नाही. म्हणून शेवटच्या मिनिटातलं एक वाक्य चेहऱ्याकडे बघत ऐकलं.

नोंद ४ : "दोनशे चोपन्न" नव्याने

"चोपन्न" अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नाही. इथे शब्द न बदलता संपूर्ण वाक्य बदललं : "म्हणजे एका बॅगेमागे दोनशे चोपन्न रुपये." आवाजाचा पोत थोडा वेगळा असला तरी वाक्य बदलताना तो खपून जातो. वाक्याच्या पोटात मात्र खपत नाही. एकटा आकडा रेकॉर्ड केला की तो पाढे म्हटल्यासारखा सपाट येतो. म्हणून मूळचं आधीचं वाक्य इअरफोनमध्ये ऐकायचं, ते तोंडाने म्हणायचं आणि त्याच ओघात नवीन वाक्य बोलायचं. सहा वेळा घेतलं. चौथं जुळलं.

कॉलर माइक मूळच्या जागीच, हनुवटीखाली साधारण एक वीत. पहिल्यांदा खोलीत घेतलेलं टाकून द्यावं लागलं. गच्चीवर भिंतींचा घुमारा नसतो आणि खोलीतला घुमारा नंतर पूर्णपणे काढता येत नाही. उलटं करणं, म्हणजे कोरड्या आवाजाला घुमारा देणं, जमतं. शेवटी गच्चीवरच, मूळच्याच वेळी, सकाळी घेतलं.

तरी मागचा आवाज वेगळा निघाला, कारण मूळच्या दिवशी दूर पाण्याचा पंप चालू होता. तो पंप वाक्यापुरता बंद पडून पुन्हा सुरू झाला की ठिगळ लगेच उघडं पडतं. मूळ रेकॉर्डिंगमध्ये बोलण्याच्या मधल्या थांब्यांतून बोलणं नसलेले तुकडे गोळा केले, त्यांचा चार सेकंदांचा पट्टा बनवला आणि नव्या वाक्याखाली टाकला. दोन्ही टोकांना दीडशे मिलिसेकंदांचा फेड दिला. तुकड्यांमध्ये कावळा येऊ द्यायचा नाही, दोनदा तोच कावळा ऐकू आला की संपलं.

नोंद ५ : ओठ

४:१७ ला चेहरा समोर आहे. "चार" म्हणताना ओठ उघडे राहतात, "पाच"च्या "प"ला मिटतात. आवाज कितीही जुळला तरी डोळा हे पकडतो. प, फ, ब, भ, म यांपैकी काही नवीन आलं किंवा जुनं गेलं, तर चेहरा झाकायलाच हवा. शब्दाच्या अर्धा सेकंद आधीपासून वाक्य संपेपर्यंत गोणीचं जवळचं दृश्य टाकलं, एकूण अडीच सेकंद. त्याहून छोटं दृश्य काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. गोणीवर छापलेली किंमत फ्रेममध्ये येत नाही, हेही तपासलं. १०:४८ पासून पडद्यावर तक्ताच आहे, तिथे ओठांचा प्रश्न नाही.

नोंद ६ : पडद्यावरचे आकडे

खालच्या पट्टीतलं "₹४५०" बदललं. तक्त्यात गोणीची ओळ "२ × ५५० = १,१००" झाली, बेरीज २,५४० आणि एका बॅगेमागे २५४. आकडे बदलताना पट्टीचा फाँट चुकून बदलला गेला आणि ₹ च्या जागी चौकोन आला. हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतं. मूळचा फाँट परत लावल्यावर ठीक झालं.

प्रोजेक्ट हाताशी नसता, तर तयार व्हिडिओवर त्याच रंगाची पट्टी टाकून जुना आकडा झाकावा लागला असता. अशा वेळी नवीन पट्टी जुन्या पट्टीपेक्षा सगळ्या बाजूंनी थोडी मोठी घ्यायची. काँप्रेशनमुळे जुन्या पट्टीचा रंग जरा सरकलेला असतो आणि कडा उरली तर ती चमकते. जुना आकडा हळूहळू विरत असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत झाकण हलवायचं नाही.

थंबनेलवर "एक बॅग २३४ रुपयांत" होतं, ते बदललं. सबटायटलच्या पाच ओळी हाताने दुरुस्त केल्या.

नोंद ७ : तपासणी

इअरफोनवर प्रत्येक ठिगळ दहा सेकंद आधीपासून, डोळे मिटून ऐकलं. इअरफोनवर मागच्या आवाजातली उडी कळते आणि फोनच्या स्पीकरवर लहानमोठेपणा. दुरुस्तीबद्दल काहीच माहीत नसलेल्या दोघांना शेवटची दोन मिनिटं ऐकवली. एकाने "दोनशे चोपन्न"ला मान वर केली. मागच्या आवाजाचा पट्टा २ डेसिबल वाढवल्यावर पुढच्या ऐकण्यात कोणी थबकलं नाही.

आवाज बंद करून नुसतं चित्र बघताना एक जागा निघाली, जी कुठल्याच शोधात आली नव्हती. तक्त्यानंतर बेरजेचा आकडा शून्यापासून पळत वर जातो. तो मजकूर नाही, कीफ्रेममधली संख्या आहे, आणि तो अजूनही २,३४० वर थांबत होता. शेवटच्या कीफ्रेमची किंमत २,५४० केली आणि पुन्हा रेंडर लावला.