आठ पॉइंट

मंगळवार, १८ नोव्हेंबर. रात्र.

आज दुपारी लीडला सांगितलं, की दोन आठवड्यांच्या या स्प्रिंटमधून मी बाहेर पडतेय. पाचवा दिवस होता, म्हणजे बरोबर अर्धा स्प्रिंट.

सुरुवात कालच्या रात्रीपासून लिहायला हवी. अकरा वाजता मी कोडचा एक पीआर रिव्ह्यूला टाकून झोपले. ऑर्डरच्या टेबलावर इंडेक्स घालायचा होता, काम एका ओळीचं.

```
CREATE INDEX idx_orders_customer ON orders (customer_id);
```

सकाळी आमच्या ज्युनियरची कॉमेंट आलेली. अगदी भीतभीत लिहिलेली: "यात CONCURRENTLY राहिलंय का?" राहिलंच होतं. पोस्टग्रेसमध्ये साधा इंडेक्स बांधायला घेतला की तो बांधून होईपर्यंत त्या टेबलात काहीच लिहिता येत नाही. वाचता येतं, पण नवीन ऑर्डर ताटकळतात. आमचं ते टेबल भलंमोठं आहे, ग्राहकांना "प्लीज वेट" बघत बसावं लागलं असतं. CONCURRENTLY लावलं तर वेळ जास्त लागतो, पण लिहिणं चालू राहतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दोन महिन्यांपूर्वी याच मुलाच्या पीआरवर याच चुकीबद्दल मीच चार ओळींचं प्रवचन दिलं होतं.

चुका सगळ्यांच्याच होतात. पण त्याची कॉमेंट वाचून मला लाज वाटली नाही, राग आला नाही, हायसंही वाटलं नाही. "बरं, बदलते" एवढंच मनात आलं, आणि बदललं मात्र चाळीस मिनिटांनी. तोवर स्क्रीनकडे बघत बसले होते. याच गोष्टीने घाबरले.

मग स्वतःचाच बोर्ड चाळला. तीन पॉइंटची स्टोरी चार दिवस "इन प्रोग्रेस"मध्ये. मागच्या स्प्रिंटमधली माझी दोन तिकिटं टेस्टिंगहून परत आलेली, दोन्ही वेळी अटींमधली शेवटची ओळ मी वाचलीच नव्हती. स्टँडअपला तीन दिवस एकच वाक्य: "कालचंच पुढे चालू आहे."

हे का झालं, याचं उत्तर फार गूढ नाही. दिवाळीत हॉटफिक्स, त्याच्यामागे ऑनकॉलचा आठवडा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे क्लायंटचा साडेआठचा कॉल आमच्याकडे साडेनऊला सरकला. त्यांच्या कॅलेंडरमध्ये वेळ तीच आहे, त्यामुळे काही बदललंय हे त्यांच्या गावीही नाही. इथे जेवण साडेदहाला आणि झोप एकला. सकाळी स्टँडअप मात्र दहालाच.

लीडला मेसेज तीनदा लिहून खोडला. पहिल्यात "जरा बरं वाटत नाहीये" असं होतं. ते सोपं होतं. तिने "काळजी घे, दोन दिवस आराम कर" म्हटलं असतं, स्टोऱ्या माझ्याच नावावर राहिल्या असत्या आणि गुरुवारी मी दोन दिवसांच्या थकबाकीसह परतले असते. शेवटी "पाच मिनिटं बोलायचंय, समोरासमोर" एवढंच पाठवलं.

छोट्या मीटिंग रूममध्ये बसलो. मी म्हटलं, "मला या स्प्रिंटमधून बाहेर काढ. आजारी नाहीये, थकलेय. इंडेक्सचा पीआर पाहिलास ना? तसं आणखी काहीतरी माझ्या हातून जाईल, आणि दरवेळी कोणी पकडेलच असं नाही."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "कधीपासून असं होतंय?"

"दिवाळीपासून."

"अगं, मग प्लॅनिंगला का नाही बोललीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्लॅनिंगच्या दिवशी बाकीच्यांनी भराभर आकडे टाकले, मीही टाकले. तेव्हा सांगितलं असतं तर फक्त कपॅसिटी कमी धरावी लागली असती. आता हातातलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं होतं. तिचा प्रश्न रास्त होता.

मग तिने मधला मार्ग काढला: "बरं, स्टोऱ्या काढून घेते. तू फक्त रिव्ह्यू तेवढे बघ." मी जवळजवळ हो म्हणणार होते. ऐकायला किती हलकं! पण पेंगुळलेल्या माणसाला द्यायचं सगळ्यात धोकादायक काम तेच. कोड लिहिताना चुकले तर पुढे रिव्ह्यूअर तरी असतो, रिव्ह्यूअरच डुलक्या घेत असेल तर पुढे कोणी नाही. मी नाही म्हटलं. ते नाही म्हणणं पहिल्या वाक्यापेक्षा अवघड गेलं.

यानंतरचं बोलणं हिशोबाचं होतं आणि खरं सांगायचं तर त्यातच मला धीर आला. सहा जणांची टीम, स्प्रिंटमध्ये घेतलेले ३३ पॉइंट, त्यातले माझे आठ: इंडेक्सची तीनची स्टोरी आणि फाइलमधून ऑर्डर आयात करायची पाचची. स्प्रिंटचं उद्दिष्ट एकच, ग्राहकाचं ऑर्डर शोधायचं पान वेगवान करणं. इंडेक्स त्याला लागतोच, आयात लागत नाही. स्क्रम गाइडमध्येही बांधिलकी असते ती उद्दिष्टाशी, कामाचा आवाका प्रॉडक्ट ओनरशी बोलून बदलता येतो. आमच्याकडे मात्र ३३ हा आकडा सावकाराकडून घेतल्यासारखा फेडतात.

तिने तिथूनच प्रॉडक्ट ओनरला फोन लावला. आयात पुढच्या स्प्रिंटवर ढकलली. तो कुरकुरला, पण "शोध वेळेत येतोय ना?" एवढं विचारून थांबला. इंडेक्स ज्युनियरकडे गेला, त्याला तो आता माझ्यापेक्षा बरा समजतो. आयातीचं काम साठ टक्के झालंय, तर तीन पॉइंट मिळतील का, असं मी विचारलं. ती हसली. अर्धवट स्टोरीचे पॉइंट शून्य. जिथे होती तिथे, बॅकलॉगमध्ये परत.

मग ऑनकॉल. सोमवारपासून माझी पाळी होती. पेजर नावावर असताना सुट्टी घेणं म्हणजे घरी बसून नोकरी, म्हणून तोही काढून मागितला. "मी घेते," ती म्हणाली. तिचेही डोळे सुजलेले होते, ते मला तेव्हा दिसले. मी काहीतरी पुटपुटले, तर म्हणाली, "आत्ता तुझं बघू. आणि साडेनऊच्या कॉलचं मी काढतेच, आळीपाळीने बसू."

सुट्टीच्या फॉर्मवर अडकलो. आजारपणाची रजा सलग दोन दिवसांच्या वर घेतली की डॉक्टरांचा दाखला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद घेतली तीही कामाशी निगडित स्थिती म्हणून, आजार म्हणून नाही. मला तो झालाय की नुसती झोप थकलीय, हे मी कोण ठरवणार? हक्काच्या रजेतून पाच दिवस टाकले, उद्यापासून मंगळवारपर्यंत. मामेबहिणीच्या लग्नासाठी राखलेल्या नऊतले पाच. घरी हे अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी हँडओव्हर लिहायला दीड तास लागला. ब्रँच पुश केली, ड्राफ्ट पीआर उघडला, काय झालंय आणि काय नाही ते लिहिलं. तिसरी टेस्ट का फुटतेय हे डोक्यात होतं, म्हटलं विचारलं तर सांगू. मग वाटलं, विचारायला मला फोनच करावा लागेल. म्हणून तेही लिहिलं: फाइलमधल्या तारखा दिवस-महिना अशा येतात, आपण महिना-दिवस वाचतोय, बारा तारखेपर्यंत कळत नाही, तेरापासून फुटतं.

साडेनऊ वाजून गेलेत. कॉल सुरू झाला असणार.