पान संपलं तिथे हात वळला

"बाकी सगळं झकास झालंय, पण दोन्ही हात सारखे का नाही केलेत? कॉम्प्युटरवर एका मिनिटाचं काम ना ते?"

पोराचं चित्र कॉम्प्युटरवर पुन्हा काढून दिलं की गिऱ्हाईक हे विचारतं. एका मिनिटाचंच आहे. डावा हात उचलायचा, आरशासारखा उलटा करायचा आणि उजवीकडे चिकटवायचा. वेंगुर्ल्यातल्या माझ्या फ्लेक्स-स्टिकरच्या दुकानात मी हे एकदा करूनही बसलो आहे, म्हणूनच आता करत नाही.

तेव्हाचं चित्र होतं रापणीचं, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीचं. सहा वर्षांच्या पोराने खडूने, म्हणजे मेणाच्या रंगांनी, ड्रॉइंगच्या वहीच्या आडव्या पानावर काढलेलं. डावीकडे समुद्र, त्यातून निघालेला लांबच लांब दोर, दोर ओढणारी पाच-सहा काडीची माणसं आणि उजव्या टोकाला आजोबा. आजोबा बाकीच्यांच्या चौपट. त्यांचा डावा हात दोरापर्यंत पोचलेला, माणसाच्या उंचीएवढा. उजवा हात मात्र खांद्यापासून जरा पुढे जाऊन एकदम खाली वळलेला, गुडघ्याकडे. आईला ते फ्रेम करून आजोबांच्या पंचाहत्तरीला द्यायचं होतं. मी उत्साहाने दोन्ही हात सारखे करून दाखवले. पोराने स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्यो हात माझो न्हय." मग खरा हात असा का, हे विचारल्यावर म्हणाला, "पान संपला."

झालं. हात वाकडा नव्हताच, कागदाच्या कडेला आपटून वळलेला होता. म्हणजे त्या चित्रात कागदाची कडसुद्धा आलीच. मी उजवीकडे मोकळी जागा वाढवली असती तर वळलेल्या हाताला काही कारणच उरलं नसतं, तो नुसताच मोडका दिसला असता. तेव्हापासून मी पान कापत नाही, ताणत नाही आणि कडही पुसत नाही. ती फ्रेम १८ बाय १२ इंचांची होती आणि चित्र ए-फोर. दोघांचं प्रमाण जुळत नाही. फ्रेम भरायला चित्र आडवं ताणलं तर आजोबा सुटतात. मी पान १५ इंच रुंद घेतलं, त्याची उंची आपोआप साधारण १०.६ इंच आली. बाजूंना दीड-दीड इंच आणि वर-खाली पाऊण-पाऊण इंचाच्या आत कोरी जागा राहिली. पानाची कड तिथे फिकट सावलीने दिसू दिली.

पण हात जपणं सोपं, रेघ जपणं अवघड. आणि चित्राचा जीव रेघेतच असतो.

आधी स्कॅन. फोनने काढलेला फोटो शक्यतो घेत नाही, कारण फोन जरा तिरका धरला की पानाची एक बाजू निमुळती होते आणि प्रमाणं तिथेच बिघडतात. स्कॅनरवर ६०० डीपीआय ठेवतो आणि 'आपोआप सुधारणा' बंद करतो. ती कागदाबरोबर खडूच्या कणांमधले पांढरे ठिपकेही डाग समजून खाऊन टाकते. पानामागे काळा कार्डपेपर ठेवतो, म्हणजे पाठच्या पानावरचं चित्र आरपार दिसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कागद दमट होऊन लाटांसारखा होतो, तेव्हा दोन दिवस जाड वह्यांखाली दाबून ठेवायचा आणि मगच स्कॅन करायचा. नाहीतर उचललेल्या जागी सावल्या येतात.

मग क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये तो स्कॅन सगळ्यात खाली, कुलूपबंद, तीसेक टक्के फिकट करून ठेवायचा आणि वरच्या लेयरवर रेघा घ्यायच्या. त्याआधी `Brush Smoothing` मध्ये `None` निवडायचं. हे सेटिंग चालू असलं की आपला हात जिथे डगमगतो तिथे प्रोग्राम तो सावरतो, आणि आपल्याला नेमकं ते डगमगणंच हवं असतं. इंकस्केपमध्ये आपोआप ट्रेस करून पुढे `Simplify` मारणाऱ्यांचंही हेच होतं. एकदा मारलं की दोर गुळगुळीत, दोनदा मारलं की विजेची तार.

सेटिंग बंद करून मी त्या दोरावरून सावकाश, अगदी तंतोतंत रेघ ओढली. दूर करून पाहिली तर दोर मेला होता. मोठं करून बघितल्यावर कळलं: पोराचं हलणं लांब लाटेचं होतं, खडू मुठीत धरून कोपरातून ओढल्यावर येतं तसं. माझं हलणं बारीक, भीतीचं, थरथरीचं. गिरवणारा माणूस रेघेवर राहायला धडपडतो, आणि ती धडपड कागदावर उतरते. दोन्ही वाकड्याच, पण एक वाकडी चालते आणि दुसरी अडखळते.

यावर उपाय एकच सापडला आहे. रेघ कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते आधी ठरवायचं, मूल समोर असेल तर बोटाने फिरवून दाखवायला सांगायचं. दोर मी समुद्राकडून काढला असता, पण पोराने बोट आजोबांच्या मुठीपासून सुरू केलं. मग त्याच दिशेने, त्याच्याच वेगाने, एका दमात ओढायची. दहावेळा. त्यातली मूळ रेघेला सर्वांत जवळची ठेवायची. एखाद्या मिलिमीटरने इकडेतिकडे झाली तर होऊ दे. पण सुरुवात, शेवट आणि जिथे रेघ दुसऱ्या रेघेला भेटते त्या जागा हलता कामा नयेत. होडीच्या तळाची रेघ वरच्या रेघेला चार मिलिमीटर कमी पडली होती, ती फट तशीच ठेवली. फट आहे म्हणून बादलीने रंग ओतता येत नाही, ओतला तर सगळ्या पानभर पसरतो. तेही बरंच. समुद्र पोराने वर-खाली खरवडून भरला होता, मध्ये पांढऱ्या चिरा सोडून. एकसारखा निळा ओतला असता तर तो समुद्र नव्हे, नळाचं पिंप झालं असतं. तिथे मी स्वच्छ केलेला स्कॅनच `Multiply` करून वर ठेवला आणि खाली थोडा निळा दिला. म्हणजे खडूचा दाणा त्याचाच राहिला, फक्त रंग गडद झाला.

बाकी सफाई मी बिनधास्त करतो. पिवळट कागद, घडीची रेघ, भजीच्या तेलाचा डाग, सगळं जातं. काळ्या खडूवरून तळवा घासून झालेला माखलेपणा मात्र जागा बघून ठेवतो. वाळूत होता, राहिला. आजोबांच्या चेहऱ्यावर होता, काढला. पोराच्या आईला उलट चेहऱ्यावरचा हवा होता. तिचंही चुकीचं नव्हतं.

शेवटी स्कॅनचा लेयर पूर्ण गडद करून पटापट चालू-बंद करत बघतो. जे उडी मारतं ते चुकलेलं. या चित्रात तिसऱ्या काडीमाणसाचं डोकं उडत होतं. नकळत मी ते गोल केलं होतं, मुळात ते बटाट्यासारखं होतं.

मूळ चित्र परत देताना एवढंच सांगतो: लॅमिनेशन करू नका, इस्त्रीही फिरवू नका. गरम लागलं की मेण वितळतं. माझ्या पुतणीचं एक चित्र सुरकुत्या काढायला मी स्वतः इस्त्रीखाली घातलं होतं. सूर्याचा तेलकट डाग झाला, आणि त्याचा स्कॅन मी काढून ठेवलेला नव्हता.