लीज की लोन? आधी टक्का नीट धरा

"मॅडम, व्हीएमसी मशीन लीजवर घेऊ की लोन काढून विकत? लीजचं भाडं महिन्याला ८० हजार बसतंय, बँकेचा ईएमआय ८९ हजार येतोय, म्हणजे लीजच स्वस्त ना?"

एवढ्यावरून सांगता येत नाही. ईएमआय संपला की मशीन तुमचं राहतं, भाडं संपलं की लीजवाला येऊन घेऊन जातो. आणि टॅक्सही दोन्हीकडे वेगवेगळा वाचतो. भोसरी-चाकणच्या छोट्या कंपन्यांचे हिशोब बघताना हा प्रश्न मला सारखा येतो, म्हणून एकदा सगळं मांडूनच ठेवते.

मशीन ४० लाखांचं धरू, वापर ५ वर्षं, बँकेचं व्याज १२ टक्के, कंपनी २२ टक्क्यांच्या टॅक्स स्कीममध्ये. सरचार्ज आणि सेस धरून टॅक्स २५.१७ टक्के होतो, आपण सरळ २५ धरू. जीएसटी बाजूला ठेवा, मशीनवरचा काय आणि भाड्यावरचा काय, क्रेडिट दोन्हीकडे मिळतं.

लीजची बाजू सोपी आहे. वर्षाचं भाडं ९.६ लाख, ते सगळं खर्चात जातं म्हणून टॅक्स २.४ लाख वाचतो, खिशातून खरे जातात ७.२ लाख. असे ५ वर्षं. आता या ७.२ लाखांची आजची किंमत काढायची, आणि ती कुठल्या टक्क्याने काढायची इथेच बहुतेक लोक चुकतात. कंपनी नवीन प्रोजेक्टवर १६ टक्के तरी सुटले पाहिजेत असं म्हणत असते, म्हणून कोणीतरी एक्सेलमध्ये तेच १६ टाकतं आणि लीज एकदम स्वस्त दिसायला लागते.

पण लीजचं भाडं हा प्रोजेक्ट नाही, ते देणं आहे. धंदा चालो न चालो, महिन्याला द्यायचंच, अगदी बँकेच्या हप्त्यासारखं, आणि बँकसुद्धा पुढचं लोन देताना ते देणं धरूनच बसते. म्हणजे लीज घेतली की तेवढी कर्ज काढायची ताकद वापरली गेली. म्हणून त्याला रेट पण कर्जाचाच लावायचा, आणि व्याजावर टॅक्स वाचतो म्हणून टॅक्स जाऊन जो उरतो तो. १२ चा पाऊण हिस्सा, ९ टक्के.

```
=PV(9%,5,-7.2)
```

उत्तर येतं २८ लाख. हे २८ म्हणजे काय ते एकदा हाताने करून बघा, मग कोणी कितीही सांगितलं तरी १६ टाकणार नाही. समजा बँकेकडून २८ लाख घेतले. पहिल्या वर्षाचं व्याज ३.३६ लाख, त्यावर टॅक्स वाचला ८४ हजार, म्हणजे व्याजाचा खरा बोजा २.५२ लाख. खिशातून जायचे आहेत ७.२, तर मुद्दलात गेले ४.६८, बाकी राहिले २३.३२. असंच पुढे चालवलं की बाकी १८.२२, मग १२.६६, मग ६.६०, आणि पाचव्या वर्षी कर्ज संपतं. म्हणजे ही लीज सही करणं म्हणजे २८ लाखांचं कर्ज डोक्यावर घेणंच आहे, पैसा ना पैसा तेवढाच बाहेर जातो. हा ताळा फक्त ९ नेच बसतो.

आता विकत घ्यायची बाजू. आज ४० लाख गेले. मशीनवर घसारा १५ टक्के, दरवर्षी उरलेल्या किमतीवर, म्हणजे पहिल्या वर्षी ६ लाख, मग ५.१०, ४.३४, ३.६८, ३.१३. त्याच्या पाव हिस्सा टॅक्स वाचतो, तो ९ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणला की ४.४५ लाख. (ऑक्टोबरचे पहिले काही दिवस उलटल्यावर मशीन लावलं तर त्या वर्षात वापर १८० दिवसांच्या आत राहतो आणि पहिल्या वर्षी घसारा निम्माच मिळतो, ते बघून ठेवा.) शेवटी मशीन विकायचं, समजा १६ लाख येतात. या १६ लाखांना मात्र मी ९ लावत नाही, कारण ते कोणी लिहून दिलेले नाहीत, बाजार पडला तर १० पण येतील. त्याला धंद्याच्या जोखमीचा रेट लावते, इथे १४ टक्के धरू, आजची किंमत ८.३१ लाख. ४० मधून ४.४५ आणि ८.३१ गेले, उरले २७.२४ लाख. विकल्यावर टॅक्सच्या हिशोबात, म्हणजे मशीनांच्या ब्लॉकमध्ये, थोडी किंमत उरते, तिचा घसारा पुढे मिळत राहतो, पण तो किरकोळ आहे म्हणून सोडला.

तर लीज २८, विकत २७.२४. विकत घेणं पाऊण लाखाने स्वस्त. तोच हिशोब सगळीकडे १६ टाकून केला तर लीज २३.५७ आणि विकत २८.५६, म्हणजे लीज चक्क ५ लाखांनी स्वस्त दिसते. आकडे तेच, मशीन तेच, फक्त टक्का बदलला. मोठा टक्का लांबचं देणं बारीक करून दाखवतो आणि लीजमध्ये सगळं देणंच लांबचं असतं, त्यामुळे चूक नेहमी लीजच्याच बाजूने पडते.

लगेच पुढचा प्रश्न येतो, "पण यात माझे ईएमआय कुठेत?" ते कुठेच घ्यायचे नाहीत. ९ टक्के लावले तेव्हाच कर्जाचा खर्च आत आला. ४० लाखांच्या कर्जाचे टॅक्स वजा जाता हप्ते ९ ने आजच्या किमतीत आणले तर परत ४० लाखच येतात. व्याज वेगळं वजा करून वर ९ पण लावला तर तोच खर्च दोनदा मोजला जातो, आणि विकत घेणं विनाकारण महाग दिसतं.

पाऊण लाखाचा फरक काही मोठा नाही, त्यामुळे तेवढ्यावर मी कोणाला सही करायला लावत नाही. उलटा प्रश्न विचारते, मशीन कितीला विकलं गेलं तर दोन्ही सारखं? या केसमध्ये साधारण साडेचौदा लाख. मग जुन्या मशीनच्या डीलरला फोन लावायचा, याच मेकचं पाच वर्षं चाललेलं मशीन आज कितीला जातं विचारायचं. आणि भाडं महिन्याच्या सुरुवातीला द्यायचं असेल, बहुतेक तसंच असतं, तर तेही धरायचं, कारण मी वर सोय म्हणून वर्षाअखेरीला धरलंय. महिन्याच्या १ तारखेचं धरलं तर २८ चे २९.३५ लाख होतात आणि साडेचौदाचा आकडा १२ वर येतो. बिनव्याजी डिपॉझिट मागत असतील तर त्याचं व्याजही लीजच्याच अंगावर.

एक गोष्ट अजून, कंपनी तोट्यात असेल तर वरचं काही तसंच उचलू नका. टॅक्सच भरत नसाल तर ९ नाही, पूर्ण १२ लावायचे, आणि भाड्यावरची वजावटही कामाची नाही. लीज ३४.६ लाख होते, विकत ३१.७. अंतर जवळजवळ ३ लाखांचं. कारण लीजला टॅक्सचा टेकू मोठा असतो, भाडं पूर्ण वजा होतं म्हणून ५ वर्षांत १२ लाख वाचतात, घसाऱ्याने साडेपाच लाखच. तो टेकू काढला की लीज अजून महाग पडते. तोटा एक-दोन वर्षांचाच असेल तर त्या वर्षांपुरता टॅक्सचा फायदा पुढे ढकलून, वर्षवार मांडूनच बघावं लागतं, ठोक एक टक्का लावून जमत नाही.