तुम्ही विचारलंत म्हणून: भाडेवाढीची ती एक ओळ

«करारात ‘दरवर्षी १० टक्के भाडेवाढ’ असं लिहिलंय. तीन वर्षांत नक्की किती पैसे जाणार? आणि सही करण्याआधी काय बघू?»

पुण्यात लिव्ह अँड लायसन्सच्या करारांचे मसुदे करून देण्याचं काम मी करते. सही करायला आलेली माणसं पहिल्या पानावरचं भाडं दोनदा वाचतात, डिपॉझिटचा आकडा तीनदा वाचतात आणि भाडेवाढीच्या ओळीवरून नजर फिरवून पुढे जातात. तीन वर्षांच्या करारात सगळ्यात जास्त पैसे इकडचे तिकडे होतात ते त्याच ओळीमुळे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक साधं उदाहरण घेऊ. कोथरूडमधला दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं महिना २५,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, करार ३६ महिन्यांचा, १ नोव्हेंबरपासून सुरू. वाढ वर्षाला १० टक्के. पहिले बारा महिने २५,००० प्रमाणे तीन लाख रुपये होतात. तेराव्या महिन्यापासून भाडं २७,५०० होतं, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे ३,३०,०००. तिसऱ्या वर्षाची वाढ या २७,५०० वर धरली, तर भाडं ३०,२५० होतं आणि वर्षाचे ३,६३,०००. तिन्ही वर्षांचे मिळून ९,९३,००० रुपये.

तिसऱ्या वर्षी बऱ्याच जणांचा वाद होतो. भाडेकरू म्हणतो, दहा टक्के मूळ भाड्यावर, म्हणजे दर वर्षी २,५०० आणि तिसऱ्या वर्षी ३०,०००. मालक म्हणतो, दहा टक्के आत्ता चालू असलेल्या भाड्यावर. दोघांचंही वाचन चुकीचं नाही, कारण ‘दरवर्षी १० टक्के वाढ’ या चार शब्दांत टक्के कशावर धरायचे हे सांगितलेलंच नाही. ‘चालू भाड्यावर’ असं लिहिलं तर चक्रवाढ, ‘सुरुवातीच्या भाड्यावर’ असं लिहिलं तर सरळ वाढ. एक शब्द घातला की भांडण संपतं. पण या वादात तीन वर्षांत एकूण किती रुपये पणाला असतात? महिन्याला २५० आणि तेही फक्त शेवटचं वर्ष. म्हणजे ३,००० रुपये. तेवढ्यासाठी माणसं माझ्यासमोर तासभर बसून राहिलेली मी पाहिली आहेत आणि त्याच कागदावर दोन ओळी खाली लिहिलेल्या वाढीच्या तारखेकडे कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं.

खरा पैसा तारखेत आहे.

आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची सवय फार जुनी. इतर अनेक राज्यांत एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराची नोंदणी सक्तीची नाही, त्यातून ही सवय आली. महाराष्ट्रात तिचा काही उपयोग नाही, कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. तरी अकरा हा आकडा मसुद्यांमध्ये राहून गेलाय, आणि म्हणून ३३ किंवा ३६ महिन्यांच्या करारातही ‘प्रत्येक ११ महिन्यांनंतर १० टक्के वाढ’ असं वाक्य सर्रास येतं. ऐकायला ते वर्षाला दहा टक्केच वाटतं. आपल्या फ्लॅटवर ते लावून बघा. पहिले ११ महिने २५,०००, पुढचे ११ महिने २७,५००, त्यापुढचे ११ महिने ३०,२५० आणि ३४ व्या महिन्यापासून तिसरी वाढ लागून ३३,२७५. छत्तीस महिन्यांचे होतात १०,१०,०७५ रुपये. बारा महिन्यांनी वाढ धरली होती तेव्हा ९,९३,००० होते. टक्के तेच, फरक १७,०७५ रुपयांचा. बारा महिन्यांच्या हिशेबात ही वाढ दहा नव्हे, जवळपास अकरा टक्के पडते.

याहून महाग प्रकार म्हणजे ‘दरवर्षी १ एप्रिलपासून वाढ’. मी स्वतः यात सापडले होते, म्हणून याबद्दल मला जास्तच तळमळ आहे. लग्नानंतर आम्ही घेतलेल्या पहिल्या भाड्याच्या घराचा करार नोव्हेंबरात झाला होता. एप्रिलच्या दोन तारखेला मालकांचा फोन आला की या महिन्यापासून भाडं वाढलं. आम्हाला राहायला येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. मी कागद काढून वाचला आणि त्यांचं बरोबर होतं, ओळ तशीच होती. एजंटनं दुसऱ्या कुठल्या तरी करारातून ती तशीच उचलली होती आणि आम्ही न वाचता सही केली होती. आमच्या कोथरूडच्या उदाहरणात तीच ओळ टाकली तर पाच महिने २५,०००, मग बारा महिने २७,५००, बारा महिने ३०,२५० आणि शेवटचे सात महिने ३३,२७५ असं होतं. एकूण १०,५०,९२५ रुपये. तेराव्या महिन्यापासूनच्या वाढीपेक्षा ५७,९२५ रुपये जास्त, म्हणजे सुरुवातीच्या भाड्याचे दोन महिन्यांहून अधिक. आर्थिक वर्ष किंवा कॅलेंडर वर्ष धरून वाढ लिहिली असेल, तर कराराची सुरुवात आणि पहिली वाढ यांच्यात किती महिने आहेत ते बोटांवर मोजा. बारा नसतील तर सही करू नका, आधी बदलून घ्या. मालक भला असेल तर लगेच बदलून देतो. बहुतेकदा ती ओळ त्यानंही वाचलेली नसते.

तारखेनंतर बघायची गोष्ट म्हणजे टक्के लागतात कोणत्या रकमेवर. आपल्या २५,००० मध्ये सोसायटीचा मेंटेनन्स ३,००० धरला आहे असं समजा. वाढ पूर्ण २५,००० वर लागली तर मेंटेनन्सही दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढतो, मग सोसायटीनं तो एक रुपयानंही वाढवलेला नसला तरी. भाडं २२,००० आणि मेंटेनन्स वेगळा ३,००० असं लिहिलं, तर वाढ फक्त २२,००० वर लागते. तीन वर्षांचं एकूण येतं ९,८१,८४०, म्हणजे ११,१६० रुपये वाचतात. मात्र असं वेगळं काढलं आणि मधेच सोसायटीनं मेंटेनन्स वाढवला, तर तो कुणी सोसायचा हेही लिहावं लागतं. ज्या सोसायटीत लिफ्ट बदलायची किंवा रंगकामाची चर्चा चालू आहे, तिथे मी भाडेकरूला मेंटेनन्स भाड्यातच धरायला सांगते.

किती टक्के योग्य, हेही लोक विचारतात. लिव्ह अँड लायसन्समध्ये वाढीला कायद्याची मर्यादा नाही; जे ठरेल ते. पागडीच्या जुन्या भाडेकरूंना वर्षाला ४ टक्क्यांची जी वाढ आहे, ती त्याच कायद्यातली पण वेगळी तरतूद, ती इथे लागू करता येत नाही. त्यामुळे टक्के हा तुमच्या घासाघिशीचा विषय. मला त्याहून काळजी वाटते ती ‘बाजारभावाप्रमाणे’ किंवा ‘परस्पर संमतीने’ वाढ, अशा शब्दांची. त्यात आकडा नाही, म्हणजे वाढ ठरलेलीच नाही. बारा महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोलणी, आणि तेव्हा मुलांची शाळा जवळच घेतलेली असल्यामुळे भाडेकरूचा हात दबलेला असतो.

कधी कधी मालक स्वतःच म्हणतो, वाढ नको, तिन्ही वर्षं २७,५०० द्या. एकूण ९,९०,००० होतात, वाढीच्या हिशेबापेक्षा तीन हजारांनी कमी. तीन वर्षं नक्की राहणार असाल तर हे चांगलंच. पण बदली होऊन वर्षभरात घर सोडावं लागलं, तर तुम्ही त्या पहिल्या वर्षात ३०,००० रुपये जास्त भरलेले असतात. नोकरी बदलत्या गावांची असेल तर मी वाढीचाच करार घ्यायला सांगते.

माझ्या मसुद्यात मी टक्के लिहीतच नाही. लिहिते ते असं: «महिना १ ते १२ दरमहा रु. २५,०००, महिना १३ ते २४ दरमहा रु. २७,५००, महिना २५ ते ३६ दरमहा रु. ३०,२५०. या रकमेत सोसायटीचा मेंटेनन्स धरलेला आहे.» यात सरळ की चक्रवाढ, अकरा की बारा, एप्रिल की नोव्हेंबर, असा एकही प्रश्न उरत नाही. ऑनलाइन नोंदणीतही बदलतं भाडं असं महिन्यांच्या टप्प्यांनी भरता येतं.

आणि ते तसंच भरा, हे मालकांना मुद्दाम सांगते. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटच्या वर्षाला १० टक्के व्याजावर, पाव टक्का लागतं. आपल्या करारात ९,९३,००० अधिक तीन वर्षांचं ३०,००० व्याज, म्हणजे १०,२३,००० वर २,५५७ रुपये ५० पैसे. काही जण शुल्क वाचवायला छत्तीसही महिने २५,००० भरतात आणि वाढीचं ‘तोंडी ठरलंय’ म्हणतात. त्यानं शुल्क होतं २,३२५. वाचले २३२ रुपये ५० पैसे, आणि वाढीचे ९३,००० रुपये कागदावर कुठेच राहिले नाहीत. कलम ५५ मध्ये असंही आहे की नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. इथे तर नोंदणीकृत करार आहे आणि तोच वाढ नाही म्हणतोय.

गेल्या वर्षी एक काका अशीच प्रत घेऊन आले होते. दुसऱ्या वर्षाचं वाढीव भाडं भाडेकरू देत नव्हता, आणि काकांकडे वाढीचा पुरावा म्हणून फोनवरचा एक मेसेज होता, त्यात लिहिलं होतं, «नंतर बघू.»