छाटणीची तारीख

"द्राक्ष हे थंड देशातलं पीक. मग नाशिकच्या उन्हात आणि चार महिन्यांच्या पावसात तुम्ही वाईनची द्राक्षं काढता तरी कशी?"

वेल वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो, एवढंच खरं तर आहे. युरोपात हिवाळा आला की वेल आपली आपण पानं टाकून झोपते. आमच्याकडे तिला झोप लागतच नाही. मर्जीवर सोडली तर ती ऐन पावसाळ्यात फुटेल, फुलेल आणि घड डाऊनी-करप्यासारख्या बुरशीच्या रोगांच्या तोंडी देईल. म्हणून तिचं कॅलेंडर आम्ही कात्रीने लिहितो.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरच्या, काड्या एखाद-दोन डोळ्यांवर आणायच्या आणि नव्या फुटी घ्यायच्या. या फुटीवर घड दिसलाच तर खुडून टाकायचा, कारण आत्ता काडी तयार करायची असते, फळ नाही. गंमत अशी की पुढच्या फेब्रुवारीतला घड याच काडीच्या डोळ्यात, मे-जूनच्या उन्हात आकाराला येतो. फुटींची गर्दी ठेवली किंवा आभाळ भरून राहिलं तर डोळे वांझ निघतात, आणि ते कळतं थेट ऑक्टोबरात, नुसती फेलफूट, म्हणजे बिनघडाची फूट, निघाल्यावर. म्हणून हल्ली बरेच जण छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात.

पावसाळ्यात बागेत घड नसतात, हाच या पद्धतीचा कणा. तेव्हा राखायची ती पानं. शेंडे खुडायचे, बोर्डो मिश्रण फवारायचं आणि काडी पिकू द्यायची. पिकलेली काडी आडवी कापली की आतला गाभा तपकिरी दिसतो. पांढरा-हिरवट दिसला तर अजून थांबायचं.

मग येते फळासाठीची गोडी छाटणी. तिची तारीख ठरवताना झोप उडते, कारण एका टोकाला परतीचा पाऊस असतो आणि दुसऱ्या टोकाला मार्चचं ऊन.

माझ्या शेनिन ब्लांकचा, म्हणजे पांढऱ्या वाईनच्या वाणाचा, हिशोब सांगतो. छाटल्यापासून फुलोऱ्याला साधारण चाळीस दिवस, काढणीला साधारण साडेचार महिने. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात छाटली तर फुलोरा ऑक्टोबरच्या मध्यावर येतो. परतीचा पाऊस लांबला की फुलातला घड डाऊनीने दोन दिवसांत तपकिरी होऊन गळतो. ऑक्टोबर संपताना छाटली तर घड वाचतो, पण काढणी मार्चच्या मध्यावर ढकलली जाते. सप्टेंबरच्या शेवटी छाटली तर फुलोरा नोव्हेंबरात येतो आणि फेब्रुवारीत, थंडी असेपर्यंत, माल निघतो. मला हीच तारीख मानवते. तरी खात्री कुठेच नाही. नोव्हेंबर 2023 च्या शेवटी निफाडकडे गारपीट झाली ती याच मोसमात.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीने जे काम करायचं ते हे रसायन करतं. ते हाताळणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. चेहरा लाल होतो, धाप लागते. वाईनच्या बागेतला हा नियम मजुरांना सांगताना हसू येतं, पण तो कडक पाळतो.

उन्हाला इतकं का भ्यायचं? खायच्या द्राक्षात गोडी आली की झालं. वाईनला साखरेच्या मापाने बावीस-तेवीस ब्रिक्स लागतात आणि सोबत आंबटपणाही. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत मण्यातलं आम्ल टिकतं. मार्चमध्ये पारा पस्तिशीपुढे गेला की साखर झपाट्याने चढते आणि मॅलिक आम्ल जळून जातं. ब्रिक्स मीटर खूश असतं, पण पीएच चढलेला, म्हणजे आंबटपणा उतरलेला असतो. अशा रसाची वाईन सपक लागते, तिला सल्फाइट जास्त घालावं लागतं आणि ती लवकर बिघडते. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात मी मीटरवर विसंबत नाही. मणी चावून बघतो, बी तपकिरी आणि कडक झालं का पाहतो आणि पीएच मोजायला नमुना वायनरीत पाठवतो. तोडणी पहाटे, उन्हं चढायच्या आत. गरम घड क्रेटमध्ये पडला की वाटेतच रस सुटून आंबायला लागतो.

काढणीच्या तोंडावर अवकाळी आला की मणी पाणी पिऊन तडकतात. ब्रिक्स एक-दोनने खाली येतो. घड मोकळा असेल आणि ऊन-वारा मिळाला तर चार दिवसांत गोडी परत वर येते. शेनिनचा घड मात्र घट्ट असतो, आतला मणी तडकला की कुजवा आतून पसरतो आणि बाहेरून दिसतही नाही. आंबूस वास आला की वाट बघायची नाही. बुरशीनाशक मारून वाचवू म्हणावं, तर काढणीपूर्वीच्या ठरावीक दिवसांत ते मारता येत नाही आणि त्याचा अंश रसात उतरला तर यीस्ट अडखळतं. रेड वाईनच्या शिराझवर अशी वेळ आली तर वायनरीशी बोलून माल लवकर तोडतो. साखर कमी असते, रंगही पुरता चढलेला नसतो, पण गुलाबी रोझे वाईनला तेवढ्यावर भागतं. भाव मात्र रेडचा मिळत नाही.