पोपची प्रमादातीतता आणि पोर्ता पियाचे भगदाड: रोममध्ये १८७० शोधताना

रोममध्ये १८७० सालचा मागोवा घेण्यासाठी जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी: या विषयावर खासगी वाटाड्या करू नये. मी सेंट पीटर्सच्या चौकात साठ युरो मोजून एक केला आणि त्याने मला दोन चुकीच्या गोष्टी ठामपणे सांगितल्या. पहिली, पहिली व्हॅटिकन परिषद, म्हणजे कॅथलिक धर्माध्यक्षांची सभा, बॅसिलिकाच्या मधल्या मोठ्या दालनात भरली होती. दुसरी, इटलीने रोम हिरावून घेतल्यावर चिडलेल्या पोप नवव्या पायसने 'माझी चूक होऊच शकत नाही' असे जाहीर केले. दुसरे विधान इतक्या ठिकाणी ऐकू येते की त्यावर विश्वास बसणे सोपे आहे, पण तारखाच ते खोटे ठरवतात. प्रमादातीततेचा, म्हणजे ठरावीक निर्णयांत पोपची चूक होऊ शकत नाही या तत्त्वाचा, ठराव १८ जुलै १८७० रोजी संमत झाला आणि रोम पडले ते २० सप्टेंबरला. मधले दोन महिने समजून घेतल्याशिवाय या शहरात जे पाहायचे ते पाहिल्यासारखे होत नाही.

बॅसिलिकात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. रांगेशिवाय आत नेतो म्हणणाऱ्याला दिलेले पैसे फक्त वाट पाहणे टाळण्याचे असतात, माहितीचे नव्हे. आत शिरल्यावर मधले दालन सोडून उजव्या हाताच्या आडव्या पंखाकडे जावे. मधल्या दालनात भरली ती १९६२ सालची दुसरी परिषद. ८ डिसेंबर १८६९ रोजी सुरू झालेली पहिली परिषद या उजव्या पंखात भरली होती. खांबांमध्ये मोठी लाकडी आडभिंत घालून सभागृह तयार केले होते आणि त्यात सुमारे सातशे धर्माध्यक्ष बसत. भाषणे लॅटिनमध्ये होत आणि छत इतके उंच की मागच्या बाकांवर काही ऐकू येत नसे. शेवटी परिषद चालू असतानाच सभागृहाची रचना बदलावी लागली. आज तो भाग पापनिवेदनासाठी राखीव आहे. मी गेलो तेव्हा दोरी बांधलेली होती आणि उभ्या असलेल्या सेवकाने नम्रपणे पण निश्चयाने अडवले. आत जाण्यासाठी खोटे कारण सांगू नये. तिथे लोक खरोखर प्रार्थनेला बसलेले असतात. दोरीच्या अलीकडून संत प्रोसेसस आणि मार्टिनियन यांची वेदी आणि तिच्यावरचे मोझेक नीट दिसते, आणि सातशे माणसे त्या जागेत बसल्यावर आवाजाचे काय होत असेल याचा अंदाजही येतो. त्याच्यापेक्षा जास्त तिथे पाहण्यासारखे काही नाही, पण त्यासाठी अर्धा तास द्यावा, कारण पुढचे सगळे याच जागेवर अवलंबून आहे.

या सभागृहात बसलेल्यांच्या मनावर भूगोलाचे ओझे होते. १८५९ पर्यंत पोपचे राज्य मध्य इटलीत आडवे पसरलेले होते आणि त्यात सुमारे तीस लाख लोक राहत. त्यानंतर दोनच वर्षांत, इटली एक होत असताना, रोमान्या हातचा गेला आणि सप्टेंबर १८६० मध्ये कास्तेलफिदार्दोच्या पराभवानंतर मार्के व उंब्रियाही गेले. उरला तो फक्त रोमभोवतीचा लात्सिओ. तोही पोपच्या बळावर नव्हे, तर नेपोलियन तिसऱ्याच्या फ्रेंच तुकडीच्या आधाराने टिकला होता. फ्रान्स आणि इटलीतल्या करारानुसार ही तुकडी १८६६ च्या अखेरीस परत गेली, पण गॅरिबाल्डी चालून आल्यावर पुन्हा आली आणि ३ नोव्हेंबर १८६७ रोजी मेंताना येथे पोपच्या सैन्याच्या साथीने लढून तिने गॅरिबाल्डीचा पराभव केला. थोडक्यात, परिषद भरली तेव्हा रोम एका परकीय सम्राटाच्या मर्जीवर उभे होते. पोप नववा पायस हे जाणत होता. त्याने १८४८ साली आपल्या मंत्र्याची, पेल्लेग्रिनो रोस्सीची, हत्या पाहिली होती आणि वेषांतर करून गाएताला पळ काढावा लागण्याचा अनुभवही घेतला होता. उदारमतवादी सुधारणांनी आपला पाया कोसळतो, असा निष्कर्ष त्याने त्यातून काढला, आणि मला तो निष्कर्ष समजण्यासारखा वाटतो, जरी त्यातून निघालेली सगळी धोरणे पटत नसली तरी.

म्हणून प्रमादातीततेचा ठराव हा गमावलेल्या रोमचा सूड नव्हता. जमीन निसटत चालली आहे हे दिसत असताना, जमिनीवर अवलंबून नसलेली सत्ता पक्की करून घेण्याचा तो प्रयत्न होता. त्याच वेळी त्याच्यावर बाहेरून दडपणही होते. बव्हेरियाचा पंतप्रधान होहेनलोहे याने १८६९ मध्येच युरोपातल्या सरकारांना पत्र पाठवून एकत्र विरोध करण्याची सूचना केली. फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री दारू याने निषेधाचे निवेदन तयार केले, पण एप्रिल १८७० मध्ये तो पायउतार झाला आणि ओलिव्हिएच्या सरकारने हस्तक्षेप न करण्याचे ठरवले. ज्या सरकारचे सैनिक रोमचे दरवाजे राखत होते ते गप्प बसल्यावर बाकीच्यांच्या नाराजीला धार राहिली नाही.

आतला विरोध खरा आणि विद्वान होता. १३ जुलैच्या चाचणी मतदानात ४५१ जणांनी होकार दिला, ८८ जणांनी नकार दिला आणि ६२ जणांनी काही बदलांच्या अटीवर होकार दिला. १५ जुलैला विरोध करणाऱ्या अल्पसंख्य धर्माध्यक्षांचे शिष्टमंडळ पोपला भेटले. त्यात माइन्त्सचे धर्माध्यक्ष केटेलर गुडघे टेकून विनवणी करत होते. मागणी एवढीच होती की पोपच्या निर्णयाला चर्चच्या साक्षीचा आधार असल्याचे मजकुरात कुठेतरी म्हटले जावे. झाले ते नेमके उलटे. दुसऱ्याच दिवशी असे शब्द घालण्यात आले की पोपचे असे निर्णय स्वतःच अपरिवर्तनीय आहेत, चर्चच्या संमतीमुळे नव्हे. या एका वाक्यामुळे मवाळ धर्माध्यक्षांचाही मार्ग बंद झाला. पोपच्या समोर 'नाही' म्हणणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून पंचावन्न जणांनी १७ जुलैला पत्र लिहून आपला नकार कळवला आणि ते रोम सोडून निघून गेले.

१८ जुलैला मतदान झाले तेव्हा विजा कडाडत होत्या आणि सभागृह इतके अंधारले की पोपला मजकूर वाचण्यासाठी मेणबत्ती आणावी लागली. ५३३ होकार, दोन नकार. नकार देणारे होते दक्षिण इटलीतील कायात्सोचे रिच्चो आणि अमेरिकेतील लिटल रॉकचे फिट्झजेरल्ड. ठराव मंजूर होताच दोघांनीही तो मान्य केला.

आता मजकुराकडे बघावे, कारण वाटाड्याचे 'पोप कधीच चुकत नाही' हे वाक्य इथे खरोखर फसवे ठरते. पोपचे प्रत्येक मत प्रमादातीत आहे असे ठरावात कुठेही म्हटलेले नाही. सर्व ख्रिस्ती जनांचा गुरू आणि मेंढपाळ या नात्याने, सर्वोच्च अधिकार वापरून, श्रद्धा किंवा नीतीविषयीचे तत्त्व संपूर्ण चर्चने मानावे असे जेव्हा तो जाहीर करतो, तेव्हाच ती प्रमादातीतता लागू होते. राजकारण, करार, प्रदेश यांना ती लागू नाही. इंग्लंडचे आर्चबिशप मॅनिंग यांच्यासारख्या उत्साही समर्थकांना यापेक्षा बरेच जास्त हवे होते. ठरावानंतर या अटी नेमक्या पाळून पोपने असा निर्णय आजवर फक्त एकदा, १९५० साली मेरीच्या स्वर्गारोहणाबाबत दिला.

मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ जुलै १८७० रोजी, फ्रान्सने प्रशियावर युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये फ्रेंच तुकडी चिविताव्हेक्याहून निघून गेली, २ सप्टेंबरला सेदानला नेपोलियन तिसरा कैद झाला, आणि करार करणारे सरकारच उरले नाही. आता इटलीला कोणी अडवणारे नव्हते. २० सप्टेंबरला तिच्या सैन्याने पोर्ता पिया या वेशीजवळ तट फोडून रोम घेतले.

पोर्ता पियाला पोहोचणे हा या दौऱ्यातला सर्वांत वाईट टप्पा आहे. व्हॅटिकनपासून ते साडेचार किलोमीटरांच्या आसपास आहे. मी उन्हात पायी गेलो आणि तो निर्णय पुन्हा घेणार नाही. वाटेत क्विरिनाल राजवाडा लागतो. १८७० पर्यंत ते पोपांचे निवासस्थान होते, नंतर राजाचे झाले आणि आज राष्ट्राध्यक्षांचे आहे. तिथे थांबा, पण त्यापुढचा पोर्ता पियाकडे जाणारा लांबच लांब रस्ता बसने पार करा. त्या रस्त्याला आता २० सप्टेंबरचेच नाव आहे. मी गेलो तेव्हा वेशीतले बेर्सालिएरी सैनिकांचे संग्रहालय बंद होते, त्यामुळे केवळ त्याच्यासाठी म्हणून जाऊ नये.

मात्र वेस पाहून परत फिरू नये, कारण बहुतेक लोक नेमके तेच करतात. भगदाड वेशीत नाही, बाजूच्या तटात पडले. मायकेलएंजेलोची ती वेस उभीच आहे. शहराबाहेरच्या बाजूला येऊन, वेशीच्या पश्चिमेकडे, कोर्सो दितालियाच्या कडेने तटाला धरून चालत राहावे. थोड्याच अंतरावर संगमरवरी स्मारक दिसते, तीच ती जागा. वाहतूक अंगावर येते आणि पदपथ अरुंद आहे, पण इथे उभे राहिल्यावर माझा सगळा थकवा गेला. तट हा दीड हजार वर्षांहून जुन्या रोमन विटांचा आहे आणि तोफांपुढे त्याची काय गत झाली असेल हे बघताच कळते. इटलीचा सेनापती कादोर्ना याचे सुमारे पन्नास हजार सैनिक बाहेर होते, आत पोपचा सेनापती कांझलर याचे तेरा हजारांच्या आसपास. पहाटे पाचच्या सुमारास तोफा सुरू झाल्या आणि दहाच्या आसपास सुमारे तीस मीटर रुंदीचे भगदाड पडले. पोपचा आदेश होता की भगदाड पडेपर्यंतच लढावे, म्हणजे शहर बळाने घेतले गेले हे जगाला दिसेल आणि रक्त फार सांडणार नाही. तरीही इटलीचे ४९ आणि पोपचे १९ सैनिक मरण पावले. मला या आदेशात नववा पायस पूर्ण दिसतो: शरण जायचे नाही आणि शहराची कत्तलही होऊ द्यायची नाही. त्यानंतर तो व्हॅटिकनबाहेर कधी पडला नाही. इटलीने १८७१ च्या कायद्याने देऊ केलेली ३२,२५,००० लिरांची वार्षिक रक्कमही त्याने स्वीकारली नाही. परिषद २० ऑक्टोबरला तहकूब झाली आणि पुन्हा भरली नाही.

शक्ती उरली असेल तर सॅन लोरेन्झो फ्वोरी ले मुरा या चर्चला जावे. तिथे नवव्या पायसची समाधी आहे. १३ जुलै १८८१ च्या रात्री त्याचा मृतदेह तिथे नेला जात असताना विरोधकांनी शवपेटी टायबर नदीत फेकण्याचा प्रयत्न केला होता. वेरानो दफनभूमीकडे जाणारी ट्राम तिथे नेते. दुपारी चर्च काही वेळ बंद असते, म्हणून सकाळी किंवा चारनंतर जावे. मेंतानाला जायची इच्छा असेल तर तो रोमबाहेरचा वेगळा दिवस ठेवावा. पोर्ता पिया झाल्यावर त्याच दिवशी तिथे जायचा विचार करणाऱ्याला मी सरळ नको म्हणेन.