येन स्वस्त होता तेव्हा

“जास्त व्याज देणारं चलन घसरायला हवं, असं पुस्तकात असतं. मग ते वर्षानुवर्षं घसरत का नाही? आणि घसरत नसेल, तर येनमध्ये स्वस्त कर्ज काढून इथे पैसा लावायला काय हरकत आहे?”

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नाच्या पंगतीत विचारलंत, तळजाईच्या चढावर दम लागलेला असताना विचारलंत, आणि क्लासमधली मुलं तर दर बॅचला विचारतातच. तिथे मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि विषय बदलते. बदलते, कारण या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाने आमच्या घरात काय केलं, ते दोन वाक्यांत बसत नाही.

पहिला भाग आधी. सिद्धांत मूर्ख नाही. रुपयात १२ टक्के आणि येनमध्ये साडेचार टक्के व्याज असेल, तर हुशार माणूस येनमध्ये उधार घेऊन रुपयात गुंतवेल. सगळेच तसं करायला लागले की फायदा संपेपर्यंत खेळ चालेल. तो संपतो, कारण व्याजात जे मिळालं ते चलनाच्या घसरणीत जातं. आज १०० येनला ३८ रुपये पडत असतील, तर वर्षाने ३८ गुणिले १.१२ भागिले १.०४५, म्हणजे ४० रुपये ७० पैशांच्या आसपास पडायला हवेत. वायद्याचा भाव, म्हणजे पुढच्या तारखेच्या देवघेवीसाठी आजच ठरवलेला भाव, तोही व्याजाच्या याच फरकावरून निघतो. वायद्यापुरता तो निव्वळ हिशेब आहे आणि तो जवळपास चोख जुळतो. घोळ पुढच्या पायरीवर आहे. वायद्याचा भाव म्हणजे उद्याच्या खऱ्या भावाचा सरासरी अंदाज, असं आम्ही गृहीत धरतो, आणि बाजार ते पाळत नाही.

१९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ युजीन फामा यांनी हे आकड्यांत मांडलं. वायद्यात एखादं चलन जितके टक्के घसरलेलं दिसतं, तितके टक्के ते सरासरीने खरोखर घसरत असेल, तर या दोन घसरणी एकमेकींसमोर मांडलेल्या आलेखाची चढण १ यायला हवी. त्यांना ती शून्याच्याही खाली मिळाली. पुढे केनेथ फ्रूट यांनी छापून आलेल्या ७५ अंदाजांची सरासरी काढली, ती उणे ०.८८. म्हणजे घसरायचं राहिलं बाजूला, चलन बहुतेकदा उलट थोडं वधारलंच. मी फॉरेक्स डेस्कवर अकरा वर्षं काढली होती, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. कागदावर पाहिल्यावर मात्र मला जरा जास्तच आनंद झाला.

तो आनंद मी अण्णाला वाटला.

अण्णा माझा मामेभाऊ. भोसरी एमआयडीसीत त्याचा गाड्यांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. सीएनसीची चार मशीन, दोन पाळ्या, दारातूनच येणारा कूलंटचा वास. २००६ च्या सुरुवातीला बँकेचा माणूस त्याच्याकडे आला. तुमचं तीन कोटींचं रुपयातलं कर्ज कागदोपत्री येनमध्ये बदलून देतो, म्हणाला; त्याला स्वॅप म्हणतात. १२ ऐवजी साडेचार टक्के व्याज, मुद्दल शेवटी एकरकमी. अण्णाने मला फोन केला. “अगं, यात काळंबेरं काय आहे ते सांग.”

काळंबेरं मी सांगितलं, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवते. तुझी विक्री रुपयात, येन तू मिळवत नाहीस, हे मी त्याला स्पष्ट म्हटलं होतं. पण त्यानंतर, न विचारता, लग्नाच्या पत्रिकेच्या पाकिटामागे मी त्याला ती उणे चढणही काढून दाखवली. “पुस्तक म्हणतं येन महागेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांचे आकडे म्हणतात, बहुतेकदा नाही महागत.” सल्ला मी दिला नव्हता, उत्तर दिलं होतं, हे वाक्य मी स्वतःला बरीच वर्षं ऐकवलं आहे.

तेव्हा १०० येनचे ३८ रुपये होते. तीन कोटींचे झाले सुमारे ७ कोटी ८९ लाख येन. पुढे आकडे माझ्याच बाजूने पडले. २००७ च्या मध्यावर १०० येन ३३ रुपयांना आला. महाग व्याजाचा रुपया वधारला होता. अण्णाचं देणं तीन कोटींवरून २ कोटी ६० लाखांवर उतरलं, आणि व्याजातली वर्षाची साडेबावीस लाखांची बचत वेगळी. दिवाळीला त्याने मला पैठणी आणली. त्याच वर्षी त्याने नवीन शेडसाठी आणखी दोन कोटी तसेच घेतले, ३३ च्या भावाने, म्हणजे अजून सहा कोटी येन. या वेळी फोन आला नाही. कशाला येईल?

मार्च २००८ मध्ये भाव ४० च्या आसपास होता. अण्णा घाबरला. “बाहेर पडू का?” मी म्हटलं, थांब, सरासरीने परत येईल. या वाक्याची मला आजही लाज वाटते. उणे ०.८८ हा शेकडो महिन्यांमधून गाळून काढलेला आकडा आहे. एका महिन्याच्या हेलकाव्यापुढे तो काहीच सांगत नाही. विनिमयदराच्या चढउताराचा जेमतेम काही टक्के भाग त्याने उलगडतो, बाकी सगळा गोंधळ. हे मी वर्गात शिकवत होते आणि भावाला फोनवर विसरले.

ऑक्टोबरमध्ये जग कोसळलं. येनमध्ये उधार घेऊन ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपासून सगळीकडे पैसा लावलेल्यांनी एकदम येन परत घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच वेळी रुपयातूनही परदेशी पैसा बाहेर पडत होता. दोन्हीकडून दाब. बँकेचं पत्र आलं: ‘मार्क टू मार्केट’ तोटा, म्हणजे आजच्या भावाने मोजलेला तोटा, इतका, वाढीव तारण इतकं. अण्णाने ते पत्र लेथच्या बाकावर ठेवलेलं मी पाहिलं, त्यावर चहाच्या ग्लासाचं ओलं वर्तुळ. मशीन बंद होती. कारण त्याच महिन्यात गाड्यांच्या ऑर्डरी निम्म्याच्या खाली आल्या होत्या, दुसरी पाळी गेली होती आणि जुनी बिलं मिळत नव्हती. तारण द्यायला त्याच्याकडे जे होतं, त्याचं मोलही त्याच वेळी उतरलं होतं.

डिसेंबरमध्ये ५४ ला त्याने हिशेब बंद केला. सुमारे १३ कोटी ९५ लाख येन, म्हणजे साडेसात कोटी रुपये. घेतले होते पाच कोटी. व्याजात जेमतेम ऐंशी लाख वाचले होते. दोन मशीन विकली, शेड अर्धवट राहिली आणि वहिनींच्या माहेरची चाकणजवळची जमीन गेली. अण्णा मला कधी एक शब्द बोलला नाही, याचा मला बोलला असता त्याहून जास्त त्रास झाला.

त्या बंद मशीनसमोर मला जे कळलं, ते मी आधी वाचलं होतं. महाग व्याजाच्या चलनात जो जास्तीचा फायदा दिसतो, तो फुकट नसतो, एका विशिष्ट दुर्दैवाचा मोबदला असतो. लहान लहान नफे येत राहतात आणि मग एकदाच मोठा तोटा येतो, आणि तो आपलं बाकी सगळंही ढासळत असतानाच येतो. विमा कंपनीसारखं: दर महिन्याला हप्ता मिळतो, भूकंपाच्या दिवशी सगळे एकदम दारात. अण्णा जगाला विमा विकून बसला होता आणि हप्त्याला नफा समजत होता. मीही.

दुसरं एक स्पष्टीकरण मेक्सिकोच्या पेसोवरून ओळखलं जातं. १९५४ पासून तो डॉलरला साडेबारावर अडकवलेला होता, तरी वायदा बाजारात तो स्वस्तच मिळायचा. सिद्धांत खोटा पडल्यासारखं दिसत होतं. १९७६ मध्ये अवमूल्यन झालं, तेव्हा कळलं की बाजार चुकत नव्हता, क्वचित येणाऱ्या मोठ्या पडझडीची किंमत आधीपासून धरत होता. आकडे मधल्याच वर्षांचे घेतले तर ती पडझड त्यांत दिसतच नाही. माझे ‘गेल्या वीस-पंचवीस वर्षांचे आकडे’ कदाचित असलेच होते. कदाचित. कारण पडझडीची सगळी वर्षं धरूनही कोडं पूर्ण सुटत नाही, असंही अभ्यासक दाखवतात. आणि २००८ नंतरच्या आकड्यांत तर काही चलनांसाठी चढणीचं चिन्हच पालटलं, उणेची अधिक झाली. तेव्हा मला कोणी छातीठोकपणे कारण सांगायला लागलं की मी चहा मागवते.

आणखी एक गोष्ट, जी मी अण्णाला सांगायलाच हवी होती. हे कोडं प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या चलनांचं आहे. जिथे व्याज महागाईमुळेच जास्त असतं, तिथे पुस्तक बरंचसं बरोबर ठरतं. तुर्की लिरा पाहा: २०१८ च्या सुरुवातीला डॉलरला चारपेक्षा कमी, २०२४ उजाडल्यावर तीसच्या आसपास. व्याज जबरदस्त, घसरणही तशीच. रुपया या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो. जर्मन मार्क आणि पौंडाचे आकडे मी भोसरीला लावले.

आता मात्र जे कोणाला पटत नाही ते लिहिते. जुलै २०२४ मध्ये येन फार पडलेला असताना १०० येन साधारण ५२ रुपयांना होता. २००७ चे ३३ धरले आणि व्याजातला फरक वर्षाला नुसता सहा टक्के धरला, तर सिद्धांताप्रमाणे सतरा वर्षांत तो ८९ रुपयांना जायला हवा होता. म्हणजे पाकिटामागची ती उणे चढण चूक असली, तरी ‘पुस्तकाइतका रुपया घसरणार नाही’ हे बरोबर निघालं. सतरा वर्षं कोणी तारण मागितलं नसतं, तर अण्णा फायद्यात असता. हे वाक्य मी लिहिते आणि मला ते खोडावंसं वाटतं, कारण तारण मागितलं जातंच.

त्याच जुलैमध्ये अण्णाच्या मुलाचा फोन आला. कारखाना आता तो बघतो, छोटा आहे, पण आहे. “आत्या, जपानी मशीन घ्यायचंय, येनमध्ये फायनान्स मिळतोय.” मी म्हटलं, वायद्याने येनचा भाव आजच बांधून घे, मग बघ व्याज किती पडतं. ५ ऑगस्टला येन उसळला, तीन-चार आठवड्यांत ५२ चे ५९ झाले. त्याने तोवर काही घेतलेलं नव्हतं, फक्त हिशेब केला होता.

“आत्या, भाव बांधायचा खर्च धरला तर रुपयातल्या कर्जाइतकंच पडतंय. मग येनमध्ये घेण्यात फायदा काय?”

“भाव बांधलास तर काहीच नाही.”

“आणि नाही बांधला तर?”

मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.